नो कॉस्ट ईएमआय खरंच फुकट असतो का? नाशिकच्या काउंटरवर रोज विचारले जाणारे प्रश्न

मी एमजी रोडवरच्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात चार वर्षं फायनान्सच्या टेबलावर बसत होतो, म्हणजे तो पोरगा जो तुमचं आधार, पॅन मागतो आणि ओटीपी सांगा म्हणतो, तो मीच. आता ते काम सोडलं पण दसरा जवळ आला की नातेवाईक, सोसायटीतले, बायकोच्या ऑफिसमधले सगळे तेच तेच विचारतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय. कुठल्या कंपनीचं नाव घेणार नाही, कारण पद्धत सगळ्यांची जवळपास सारखीच आहे.

नो कॉस्ट म्हणजे व्याज नाहीच ना? मग प्रॉब्लेम काय?

व्याज असतं. फक्त ते तुमच्या नावावर दिसत नाही. रिझर्व्ह बँकेने २०१३ च्या सप्टेंबरमध्येच बँकांना सांगितलं होतं की शून्य टक्के व्याज असा प्रकारच अस्तित्वात नाही, व्याज प्रोसेसिंग फीमध्ये वगैरे लपवून घेतलं जातं, तर असल्या स्कीम बंद करा. त्यानंतर झिरो परसेंट हा शब्द मागे पडला आणि नो कॉस्ट आला. यात बँक तिचं व्याज लावतेच, पण तेवढीच रक्कम ब्रँड किंवा दुकानदार आधीच डिस्काउंट म्हणून कमी करतो, म्हणजे बेरीज मूळ किमतीएवढी होते आणि तुम्हाला वाटतं व्याज नव्हतंच.

दुकानात या पैशाला सबव्हेन्शन म्हणतात, आणि डीलर स्वतःच्या खिशातून भरत असेल तर डीलर बायडाउन. आता विचार करा, दुकानदार जर तुमच्या व्याजाचे तेराशे-चौदाशे भरायला तयार आहे, तर तेवढी जागा त्याच्या भावात आहेच की. रोख घेणाऱ्याने ती जागा मागितली नाही तर ती दुकानदाराच्याच खिशात राहते.

आकड्यात सांगा, असं हवेत नको

बरं. माझ्या भाच्याचंच घ्या, सातपूरला कंपनीत आहे, त्याला तीस हजारांचा फोन घ्यायचा होता. क्रेडिट कार्डवर सहा महिने नो कॉस्ट, महिन्याला ५,००० रुपये. सहा पंचे तीस, हिशोब संपला असं त्याला वाटलं.

आता आतून काय होतं बघा. बँकेचा दर समजा वर्षाला १६ टक्के. ५,००० चे सहा हप्ते १६ टक्क्यांनी मागे मोजले तर मुद्दल येतं साधारण २८,६४८. म्हणजे फोनवर १,३५२ रुपयांचा डिस्काउंट दाखवतात, बँक २८,६४८ चं कर्ज देते आणि सहा महिन्यांत बरोबर १,३५२ व्याज घेते. इथपर्यंत सगळं समसमान.

पण क्रेडिट कार्डवरच्या व्याजाला १८ टक्के जीएसटी लागतो आणि तो तुम्हीच भरायचा, त्याला डिस्काउंट नाही. १,३५२ वर तो होतो साधारण २४४, आणि एकदम येत नाही, पहिल्या महिन्यात ६९, मग ५८, मग ४६ असा उतरत जातो म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. वर प्रोसेसिंग फी १९९ अधिक जीएसटी, म्हणजे २३५. झाले ४७९. नो कॉस्टची कॉस्ट इथेच सुरू झाली.

पण खरी मेख पुढे आहे. मी त्याला म्हटलं, कार्ड खिशात ठेव आणि आधी विचार की आत्ता यूपीआय केलं तर लास्ट किती. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "साहेब, कॅश आणि ईएमआय सेम रेट आहे." हे वाक्य मी स्वतः हजार वेळा बोललोय. आम्ही बाहेर पडायला लागलो, दाराशी पोचेपर्यंत मालकाने हाक मारली, "दादा, या तरी, बसा." चहा आला आणि भाव २८,८०० वर आला.

म्हणजे आता तुलना तीस हजार विरुद्ध तीस हजार अशी राहिली नाही. एका बाजूला आत्ता २८,८००, दुसऱ्या बाजूला सहा महिन्यांत ३०,४७९. फरक १,६७९.

पण सोळाशे-सतराशे म्हणजे काय फार नाही, सहा महिने पैसे वापरायला मिळाले ना?

इथेच सगळे फसतात. पूर्ण २८,८०० तुमच्याकडे सहा महिने राहतच नाहीत, पहिल्या महिन्यातच पाच हजार परत जातात, दुसऱ्यात अजून पाच, शेवटच्या महिन्यात तर तुमच्याकडे जेमतेम पाच हजारच वापरायला असतात. सरासरी काढली तर तुम्ही निम्म्याहून थोडे जास्त पैसे सहा महिने वापरले. म्हणून १,६७९ भागिले २८,८०० करून सहा टक्के काढू नका, ते चूक आहे.

मी वहीत हे एक गणित लिहून ठेवलेलं, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतं. जास्तीचे पैसे गुणिले २४००, मग त्याला भागायचं रोख भावाने, आणि परत भागायचं हप्त्यांच्या संख्येत एक मिळवून. इथे १,६७९ गुणिले २४००, भागिले २८,८००, भागिले ७. उत्तर जवळपास २०. म्हणजे वर्षाला वीस टक्के दराने पैसे घेतल्यासारखं झालं. पैशापैशाला अचूक नाही हे गणित, पण दुकानात उभं राहून निर्णय घ्यायला पुरतं. आणि पहिला हप्ता महिन्याने सुरू होत असेल तरच लावायचं, काउंटरवर आगाऊ हप्ते घेत असतील तर थोडं वेगळं करावं लागतं, ते खाली सांगतो.

क्रेडिट कार्ड नाहीये, दुकानातल्या फायनान्स कंपनीकडून फ्रिज घेतोय, त्याला जीएसटी नसतो म्हणे?

अर्धं खरं. साध्या कर्जाच्या व्याजावर जीएसटी नाही, तो क्रेडिट कार्डच्या व्याजावर आहे. पण फायनान्स कंपनीच्या फीवर जीएसटी आहेच. आणि तिथे दुसरी गंमत असते, आगाऊ हप्ते. बारा-चार, आठ-दोन अशा स्कीम ऐकल्या असतील. बारा-चार म्हणजे बारा हप्ते, त्यातले चार आत्ताच काउंटरवर.

३६,००० चा फ्रिज धरू. हप्ता ३,०००. चार आगाऊ म्हणजे १२,००० आत्ता दिले, उरले आठ हप्ते, २४,०००. फी ६०० आणि त्यावर जीएसटी धरून ७०८. आणि रोख घेतला असता तर समजा दुकानदार ३४,५०० ला देत होता.

आता तुम्हाला खरं कर्ज किती मिळालं? ३४,५०० ची वस्तू घरी आली, त्यातले १२,००० आणि ७०८ तुम्ही आत्ताच दिले. म्हणजे उधारी फक्त २१,७९२ ची. परत करणार २४,०००. जास्तीचे २,२०८. हेच गणित लावा, २,२०८ गुणिले २४००, भागिले २१,७९२, भागिले ९. उत्तर २७ येतं, अगदी काटेकोर काढलं तर २६ च्या आसपास. लोक म्हणतात बारा महिन्यांचा नो कॉस्ट मिळाला, तर बारा महिने कुठे, आठच महिने आणि तेही दोन तृतीयांश रकमेवर.

एका मावशींना मी हे त्यांच्या पावतीच्या मागे लिहून दाखवलं होतं, तेव्हा मॅनेजरने मला नंतर आत बोलावलं. असो.

कागदावर हे सगळं कुठे दिसतं? मला तर कुणी काही दाखवलं नाही

फायनान्स कंपनीचं कर्ज असेल तर की फॅक्ट स्टेटमेंट नावाचं एक पान असतं. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ कर्जांना ते द्यायलाच लागतं, त्यात एपीआर म्हणजे फीसकट वर्षाचा दर लिहिलेला असतो. ओटीपी सांगायच्या आधी ते मागा, हिंदी-इंग्रजी कळत नसेल तर तुम्हाला समजेल त्या भाषेत मागा. काउंटरवर ते बहुतेक वेळा मोबाइलवर लिंक म्हणून येतं आणि पोरगाच तुमच्या हातातून फोन घेऊन भराभर खाली सरकवून टिक करतो, मीही तेच करायचो, रांग असते ना मागे. फोन देऊ नका हातात.

पण एक लक्षात घ्या, त्या एपीआरमध्ये तुम्ही सोडलेला कॅश डिस्काउंट धरलेला नसतो. तो फक्त दुकानदाराला आणि तुम्हाला माहीत. त्यामुळे एपीआर कमी दिसला म्हणून वरचं गणित चुकीचं ठरत नाही.

क्रेडिट कार्डच्या उधारीला ते पान लागू नाही. पण कार्डासाठी रिझर्व्ह बँकेचे २०२२ पासून वेगळे नियम आहेत, त्यात स्पष्ट म्हटलंय की ईएमआय करताना मुद्दल, व्याज आणि नो कॉस्ट करायला दिलेला डिस्काउंट हे वेगवेगळं आधी दाखवायचं आणि बिलातही वेगळं दाखवायचं. म्हणून पहिलं बिल आलं की ईएमआयच्या ओळी बघा. मुद्दलाची ओळ, व्याजाची ओळ आणि त्याच्याखाली जीएसटी. तीन ओळी असतील तर तुम्ही जीएसटी भरताय, मग दुकानात कुणी काहीही म्हणो.

आणि दुकानाच्या बिलावर व्याजाएवढा डिस्काउंट खरंच कमी झालाय का तेही बघा. काही ऑफरमध्ये तो आत्ता नाही, नंतर कॅशबॅक म्हणून येणार असतो, दोन-तीन महिन्यांनी. तोपर्यंत कार्डावर पूर्ण तीस हजार आणि वर व्याज. कॅशबॅक आला नाही तर दुकानदार बँकेकडे बोट दाखवतो, बँक ब्रँडकडे. ऑफरच्या अटींचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढून ठेवा.

मध्येच पैसे आले तर एकदम भरून मोकळा होईन, मग वाचेल ना?

भाच्याचाच हिशोब पुढे नेऊ. दोन हप्ते झाल्यावर त्याचं मुद्दल उरतं १९,३५०. समजा बंद करायला बँक ३ टक्के घेते, बऱ्याच कार्डांना असंच असतं. ५८० आणि त्यावर जीएसटी मिळून ६८५. पुढच्या चार महिन्यांचं वाचलेलं व्याज ६५० आणि त्यावरचा जीएसटी ११७, म्हणजे ७६७. हातात राहिले ८२ रुपये, त्यात कॉल सेंटरला अर्धा तास होल्डवर. नो कॉस्टमध्ये लवकर भरण्यात काही नाही, हप्ते चालू द्या आणि पैसे बचत खात्यात ठेवा. तुमच्या बँकेला बंद करायची फी नसेल तर मात्र बंद करा, तिथे फायदा आहे.

वस्तू परत केली तर?

ऑनलाइन घेतलेली वस्तू परत केली तर विकणारा तुम्हाला त्याला मिळालेले पैसे देतो, म्हणजे आपल्या उदाहरणात २८,६४८. प्रोसेसिंग फी बहुतेक परत येत नाही, आणि मधल्या काळात लागलेलं व्याज व जीएसटी हे बँकेबँकेवर. शिवाय रिफंड कार्डावर आला म्हणजे ईएमआय आपोआप बंद झाला असं समजू नका. कधी कधी रिफंड वेगळा जमा होतो आणि हप्ता तसाच चालू राहतो, मग बँकेला सांगून तो बंद करून घ्यावा लागतो. रिफंडनंतरचं पुढचं बिल नक्की उघडून बघा.

हप्ता एखादा चुकला तर किती लागतं?

कार्डावर चुकला तर नो कॉस्ट विसरा. लेट फी वेगळी, आणि उरलेल्या बिलावर महिन्याला साडेतीन-पावणेचार टक्के असं व्याज कार्डाला असतं. वर त्या महिन्यात तुम्ही किराणा, पेट्रोल जे काही स्वाइप कराल त्याला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. एका हप्त्यामुळे अख्खं कार्ड महाग होतं.

फायनान्स कंपनीचं वेगळं. तिथे तुमच्या बँक खात्यावर मँडेट असतं, ठरलेल्या तारखेला हप्ता ओढला जातो. खात्यात पैसे नसले की कंपनीची बाउन्स फी वेगळी आणि तुमच्या बँकेची वेगळी, दोन्हीकडून. पिंपळगावचे, दिंडोरीचे द्राक्षवाले काका यायचे टीव्ही घ्यायला, त्यांना मी मुद्दाम विचारायचो की पैसा कधी येतो. बागेचा पैसा फेब्रुवारी-मार्च-एप्रिलमध्ये, व्यापारी देईल तेव्हा, आणि हप्ता दर महिन्याच्या २ तारखेला. दिवाळीत घेतलेल्या टीव्हीचे पहिले तीन-चार हप्ते नेमके हात रिकामा असताना येतात. दोन वेळा बाउन्स झालं की जेवढा डिस्काउंट मिळाला होता तेवढा गेला, आणि सिबिलवर डाग पडला तर पुढे ट्रॅक्टरच्या कर्जाला तो आडवा येतो.

मग कधी घ्यावा? की कधीच नाही?

असं नाही. मी स्वतः गेल्या वर्षी वॉशिंग मशीन ईएमआयवरच घेतलं. रोखीने एक रुपया कमी करायला दुकानदार तयार नव्हता, दोन दुकानं फिरून बघितली, आणि बँकेची ऑफर अशी होती की एकदम स्वाइपला काही नाही पण ईएमआयला थेट डिस्काउंट. असं बऱ्याचदा असतं आणि तेव्हा ईएमआयच स्वस्त पडतो, फी आणि जीएसटी वजा करूनही. अशा वेळी ज्या कमीत कमी महिन्यांना डिस्काउंट मिळतो तेवढेच महिने घ्या, कारण महिने वाढले की व्याजाची रक्कम वाढते आणि त्यावरचा जीएसटीही.

रोखीचा डिस्काउंटच नसेल तर भाच्याच्या हिशोबात तुलना फक्त ४७९ ची उरते. तीस हजार बचत खात्यात ठेवून दर महिन्याला हप्ता दिला तर ३ टक्के धरले तर अडीचशे-पावणेतीनशे मिळतात, एफडीवर साडेसहा धरले तर साडेपाचशेच्या आसपास, टॅक्सच्या आधी. म्हणजे जवळपास बरोबरी. तिथे मग तुमची सोय बघा. फक्त कार्डाची तीस हजाराची लिमिट अडकते, ती हप्त्याहप्त्याने मोकळी होते, आणि ईएमआयच्या खरेदीला रिवॉर्ड पॉइंट बऱ्याच कार्डांवर मिळत नाहीत, तेही धरा.

आणि पैसे नाहीतच, गरज आहे, फ्रिज बंद पडलाय आणि मे महिना आहे, तर घ्या की. फक्त वीस टक्क्यांनी घेतोय हे माहीत असू द्या आणि घरात सोसायटीचं, पतपेढीचं कर्ज त्याहून स्वस्त मिळत असेल तर तेही विचारा.

दुकानात नक्की काय विचारायचं?

क्रम महत्त्वाचा आहे. आधी ईएमआयचं नावच काढायचं नाही. मॉडेल ठरवा आणि रोख भाव पक्का करा, जमलं तर बिलाचा कच्चा कागद किंवा व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. हा आकडा हातात आल्यावरच म्हणा की हाच भाव, ईएमआयवर किती? ऐंशी टक्के वेळा तिथे पोरगा मालकाकडे बघतो. मग तीन आकडे मागा: आत्ता किती द्यायचे, नंतर किती हप्ते कितीचे, आणि फी किती. स्क्रीन गार्ड, एक्स्टेंडेड वॉरंटी, मोबाइलचा इन्शुरन्स हे हप्त्यात घुसवलंय का ते वेगळं विचारा, कारण आमच्या टेबलाला त्याचंच टार्गेट असायचं. हप्ता १८०० वरून १९५० झाला तर कुणी विचारत नाही, पण नऊ महिन्यांत ते साडेतेराशे होतात.

भाच्याने शेवटी २८,८०० यूपीआय केले, त्यातले आठ हजार माझ्याकडून उसने घेतले, आणि त्याच्यावर मी अजून व्याज लावलेलं नाही.